बर्फाचे कपडे: भाड्याने कोणते, विकत कोणते?

मनालीची तिकिटं आणि हॉटेल ठरलं की घरात कपड्यांची यादी सुरू होते आणि यादीबरोबर वादही. एकाचं म्हणणं, आयुष्यात एकदा जायचं त्यासाठी वीस-पंचवीस हजारांचे कपडे कशाला घ्यायचे, तिकडे रस्त्यावर सगळं भाड्याने मिळतं. दुसऱ्याचं म्हणणं, शंभर जणांनी घातलेला तो ड्रेस आणि ते गमबूट मुलांच्या अंगावर चढवायचे नाहीत. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. वाद सुटत नाही, कारण दोघंही सगळ्या कपड्यांविषयी एकदमच बोलत असतात. थर्मल, स्वेटर, जॅकेट, पँट, बूट, हातमोजे यांची कामं वेगवेगळी आहेत. त्यामुळे घ्यायचं की भाड्याने आणायचं, याचं उत्तरही प्रत्येक वस्तूचं वेगळं निघतं.

जानेवारीतली मनालीची सहल समोर ठेवून ही विभागणी करून पाहू. महाराष्ट्रातून पहिल्यांदा बर्फ पाहायला निघालेली बरीच कुटुंबं तिथेच जातात, आणि भाड्याच्या कपड्यांचा बाजार तिथे नीट बसलेलाही आहे.

थंडी दोन प्रकारची

मनाली गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटरवर आहे. जानेवारीत तिथे रात्री पारा शून्याखाली जातो आणि कधी गावातही बर्फ पडतो. पण हमखास बर्फात खेळायचं म्हणून पर्यटक पुढे जातात. बारा-चौदा किलोमीटरवरची सोलंग दरी अडीच हजार मीटरच्या आसपास आहे. त्यापलीकडे ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तो सुरू झाला आणि हिवाळी सहलीचा नकाशाच बदलला. एरवी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद झाली की पलीकडचं लाहौल तुटून जायचं. आता रस्ता उघडा असेल त्या दिवशी मनालीतून निघालेली गाडी बोगदा ओलांडून सिस्सूला पोहोचते. सिस्सू साधारण ३,१०० मीटरवर, म्हणजे मनालीपेक्षा हजार मीटर उंच. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं आणि लाहौलच्या उघड्या खोऱ्यात वारा असतो तो वेगळाच.

या भूगोलातून एक सोपी गोष्ट निघते. चार रात्रींच्या मुक्कामात तुम्ही प्रत्यक्ष बर्फात असता ते दोन दिवस, प्रत्येकी तीन-चार तास. बाकीचा सगळा वेळ हॉटेलात, गाडीत, मॉल रोडवर, हिडिंबा मंदिराच्या आवारात आणि रात्रीच्या बसमध्ये जातो. तिथे थंडी आहे, पण ती कोरडी आहे. बर्फातल्या त्या तीन-चार तासांत मात्र थंडीला ओल येऊन मिळते.

कोरडी थंडी चोवीस तास आणि चारही दिवस सोबत असते, त्यामुळे तिच्यासाठीचे कपडे आपले स्वतःचे हवेत. ओली थंडी मोजक्या तासांची. तिच्यासाठी लागणारं जलरोधक कवच अवजड असतं, महाराष्ट्रात परतल्यावर कपाटात पडून राहतं आणि तिथे दारात भाड्याने मिळतं. थोडक्यात, अंगाला लागतं ते विकत घ्यावं आणि बर्फाला लागतं ते भाड्याने आणावं. याला दोन-तीन अपवाद आहेत. ते पुढे येतील.

ओल काय करते

पहिल्यांदा जाणारी माणसं बहुधा कपडे कमी नेत नाहीत, उलट जास्तच नेतात. बनियन, शर्ट, दोन स्वेटर, वर जॅकेट आणि खाली जीन्स. तरी तासाभरात मूल कुडकुडायला लागतं आणि आई म्हणते, "अजून एक स्वेटर घालायला हवा होता." खरं कारण बहुतेक वेळा त्या जीन्समध्ये असतं.

ऊब कापडातून येत नाही. कापडाच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे शरीराची उष्णता बाहेर जायची थांबते. कापड भिजलं की त्या हवेची जागा पाणी घेतं आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढून नेतं. ओली गोधडी कितीही जाड असली तरी तिच्याखाली ऊब लागत नाही, तसंच हे. सुती कापड पाणी पितं आणि लवकर वाळत नाही, जीन्स तर त्यात सगळ्यांत हट्टी. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब टिकवते. पॉलिस्टर आणि फ्लीस फार पाणी धरत नाहीत आणि चटकन वाळतात.

सकाळचा थंड बर्फ भुग्यासारखा असतो, झटकला की पडतो. दुपारी ऊन लागलं की तोच ओला आणि चिकट होतो. मुलं त्यात बसतात, लोळतात, घसरगुंडी करतात. त्यामुळे भिजायच्या जागा ठरलेल्या आहेत: बैठक, गुडघे, घोटे आणि हात. बर्फाचा भाड्याचा ड्रेस हवा तो प्रामुख्याने कमरेखाली भिजू नये म्हणून. वरच्या जॅकेटचं काम घरचं जाड जॅकेट एक वेळ करू शकेल, पण जलरोधक पँटला घरात पर्याय नसतो.

ओल आतूनही येते. पाच थर चढवून त्यावर हवाबंद ड्रेस घातलेलं मूल अर्धा तास पळालं की घामाने भिजतं, आणि थांबलं की तोच घाम गार पडतो. म्हणून ड्रेसच्या आत एक थर्मल आणि एक पातळ फ्लीस किंवा स्वेटर पुरे. दुसरा स्वेटर पिशवीत ठेवावा आणि खेळून झाल्यावर घालावा.

घरून घेऊन जायच्या गोष्टी

यादीत पहिला मान थर्मलचा. तो कातडीला चिकटून असतो, रात्री झोपतानाही अंगावर राहतो, तेव्हा तो भाड्याने घेण्याचा प्रश्नच येत नाही. घेताना आतलं लेबल वाचावं. बाजारात स्वस्त थर्मल बऱ्याचदा कापूस आणि पॉलिस्टरच्या मिश्रणाचे असतात. हॉटेलात बसायला ते चांगले, पण बर्फात पळापळ करणाऱ्या मुलांना कापसाचं प्रमाण जितकं कमी तितकं बरं. थर्मल अंगाला बेताचा घट्ट हवा. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मुलाला दोन माप मोठा घेतला, तर कापड आणि अंग यांच्यामध्ये गार हवा खेळते आणि थर्मलचा उपयोगच राहत नाही. माणशी दोन जोड पुरतात.

मधला थर, म्हणजे स्वेटर किंवा फ्लीस, बहुतेक घरांत असतोच. नसेल तर हिवाळ्यात आपल्या शहरांत दुकानं थाटणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे किंवा फ्लीससाठी डेकॅथलॉनसारख्या दुकानात वाजवी दरात मिळतो. हा खर्च वाया जात नाही, कारण नाशिकच्या डिसेंबरातही तो अंगावर येतो.

हातमोजे विकत घ्यावेत, विशेषतः मुलांचे, आणि तेही घरून निघायच्या आधी. दुकानदारांकडे भाड्याचे किंवा विकायचे हातमोजे असतात, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचे सापडतीलच असं नाही. विणलेले लोकरीचे मोजे बर्फात निरुपयोगी ठरतात. बर्फाचे कण लोकरीला चिकटतात, वितळतात आणि दहा मिनिटांत हात ओले होतात. बाहेरून जलरोधक कापड, आत अस्तर आणि मनगटावर लांब कफ असलेले मोजे हवेत. लहान मुलांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहतात असे पिशवीसारखे मोजे अधिक ऊब देतात, कारण बोटं एकमेकांना गरम ठेवतात. शिवाय घालायलाही सोपे.

पायमोजे लोकरीचे किंवा लोकर-मिश्र घ्यावेत, घोट्याच्या बरेच वर येतील असे. भाड्याचा गमबूट गुडघ्याखालपर्यंत येतो आणि आखूड मोजा असला तर रबराची कड पोटरीला घासते. इथे एक नेहमीची चूक होते. थंडी जास्त म्हणून एकावर एक दोन जाड मोजे चढवले जातात. बूट त्यामुळे आवळला तर पायातलं रक्ताभिसरण मंदावतं आणि पाय उलट गार पडतात. एकच जाड मोजा घालावा, दुसरा कोरडा जोड पिशवीत ठेवावा आणि गाडीत परतल्यावर लगेच बदलावा.

शेवटची वस्तू गॉगल. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे वरून येणारं ऊन टोपीने अडलं तरी खालून येणारं डोळ्यांत शिरतंच. उंचीवर ही किरणं आणखी तीव्र होतात. त्याचा त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळे लाल होतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि पाणी येतं. रस्त्याकडेला मिळणारा काळ्या काचेचा खेळण्यातला गॉगल मुलाला घातला तर फायद्याऐवजी तोटा होऊ शकतो. काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि काच किरणं अडवत नसेल तर ती जास्तच आत जातात. लेबलावर 'यूव्ही ४००' लिहिलेला गॉगल चष्म्याच्या चांगल्या दुकानातून घ्यावा.

भाड्याच्या दुकानात

मनालीहून सोलंगच्या दिशेने निघालं की नेहरू कुंड, पलचानच्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं लागतात. बाहेर रंगीबेरंगी ड्रेस टांगलेले आणि दुकानांना नावापेक्षा क्रमांकाची ओळख. टॅक्सीवाला यांपैकी एका दुकानासमोर गाडी उभी करतो आणि सांगतो, "सर, ड्रेस यहीं से ले लो, आगे नहीं मिलेगा." ठरलेल्या दुकानात गिऱ्हाईक नेलं की चालकाला त्याचा वाटा मिळतो, हे तिथलं उघड गुपित आहे. त्याच्याशी भांडायची गरज नाही. फक्त उतरून शेजारच्या दोन दुकानांत दर विचारावा आणि मगच घ्यावं. दराबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: भाड्यात ड्रेस आणि बूट दोन्ही आहेत का, आणि परत करायची वेळ कोणती.

दुकानात शिरण्याआधी मात्र रस्त्याची चौकशी हवी. मोठी बर्फवृष्टी झाली की पोलीस गाड्या खालीच थांबवतात, पुढे फक्त चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या सोडतात, कधी बोगद्याचा रस्ताच बंद ठेवतात. उलटही घडतं. डिसेंबरच्या सुरुवातीला सोलंग अनेकदा कोरडं असतं. तेव्हा ड्रेस भाड्याने घेऊन माणसं मातीच्या मैदानावर उभी राहतात. आज बर्फ नक्की कुठे आहे आणि गाडी तिथवर जाते का, हे सकाळी हॉटेलात विचारून निघावं. भाड्याचा हाही एक फायदा आहे: बर्फ नसेल तर पैसे द्यावेच लागत नाहीत. विकत घेतलेल्या ड्रेसचे पैसे मात्र घरून निघतानाच गेलेले असतात.

ड्रेस निवडताना रंगापेक्षा कोरडेपणा आधी बघावा. हंगामात काल संध्याकाळी ओला परत आलेला ड्रेस आज सकाळी पुन्हा टांगलेला असू शकतो. वरून हात फिरवून ते कळत नाही. हात आत घालून बैठक, गुडघे आणि पायाची टोकं चाचपावीत. गमबुटात तर पंज्यापर्यंत हात घालावा. शंका आली तर कागदी रुमाल आत दाबून बाहेर काढावा, ओल असेल तर तो लगेच दमट होतो. रबराच्या बुटाला हवा लागत नाही, त्यामुळे आत शिरलेला ओलावा दिवसभर तिथेच राहतो आणि तुमचा कोरडा मोजा तो पिऊन घेतो. वास येणारा बूट बहुधा ओलाच असतो.

त्यानंतर कापड पाणी अडवतं का हे पाहावं. बाटलीतलं थेंबभर पाणी बाहीवर टाकलं आणि ते मण्यासारखं घरंगळलं तर ठीक. कापडात जिरून डाग पडला तर त्यावरचा लेप झिजलेला आहे, दुसरा ड्रेस मागावा. चेन वरखाली करून बघावी. पायाच्या टोकाला आत इलॅस्टिकची पट्टी असेल तर उत्तम, ती बुटावर बसते आणि बर्फ बुटात शिरत नाही. पट्टी नसेल तर पँट बुटाच्या बाहेर सोडावी, आत खोचू नये. खोचली तर बर्फाला सरळ वाट मिळते.

माप घेताना अंगातला स्वेटर काढू नये. ड्रेस घालून एकदा उकिडवं बसावं आणि दोन्ही हात वर करावेत. पाठीत किंवा मांडीत ताणला तर शिवण उसवेल आणि त्याचे पैसे आपल्याकडून मागितले जातील. आधीच फाटलेलं असेल तर दुकानदाराला दाखवून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. बुटात पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवली की टाचेमागे एक बोट जाईल एवढी जागा हवी. त्याहून सैल असला तर चालताना टाच उचलली जाते आणि उतारावर पाय मुरगळतो.

अखंड एकाच तुकड्याचा ड्रेस घ्यायचा की जॅकेट-पँट वेगळी? लहान मुलांना अखंड ड्रेस बरा पडतो, कमरेतून बर्फ शिरत नाही. पण शौचालयाला जायचं म्हणजे सगळं उतरवावं लागतं, आणि बर्फाच्या मैदानाजवळ तशी सोय सहज सापडत नाही. म्हणून मुलांना ड्रेस चढवण्याआधी जाऊन येऊ द्यावं. मोठ्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, दोन तुकड्यांचाच मागावा.

या ड्रेसची अस्तरं प्रत्येक गिऱ्हाइकानंतर धुतली जात नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. मानेला स्वतःचा मफलर, डोक्याला स्वतःची कानटोपी, हाताला स्वतःचे मोजे आणि आत पूर्ण बाह्यांचा थर्मल असला की भाड्याचं कापड अंगाला कुठे लागतच नाही. "दुसऱ्याचं घातलेलं नको" या आक्षेपाला एवढं उत्तर पुरेसं आहे.

एका कुटुंबाचा हिशोब

पुण्याचं पाच जणांचं कुटुंब धरू: नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या आजी. चार रात्री मनाली, एक दिवस सोलंग, एक दिवस सिस्सू. पुढचे दर हिशोबासाठी धरलेले आहेत. नाताळ ते नववर्षाच्या गर्दीत ते चढतात, आडदिवशी उतरतात. आपल्या वेळचे आकडे त्या जागी घालावेत, पद्धत तीच राहील.

ड्रेस आणि बुटाचं भाडं माणशी दिवसाला ३०० रुपये धरलं, तर चौघांचे दोन दिवसांचे २,४०० होतात. आजी बर्फात लोळणार नाहीत. त्यांना फक्त बूट, दिवसाला १०० प्रमाणे २००. भाड्याचा खर्च झाला २,६००.

हेच कवच विकत घ्यायचं तर जलरोधक जॅकेट, पँट आणि बर्फाचे बूट मिळून मोठ्या माणसाचे ७,५०० आणि मुलाचे ५,५०० धरू. आजींना वगळून चौघांचे २६,००० झाले, म्हणजे भाड्याच्या दहापट. मोठ्या माणसाचे ७,५०० वसूल व्हायला बर्फातले पंचवीस दिवस लागतील. दर सहलीला दोन दिवस धरले तर बारा-तेरा सहली. मुलाचं माप तोवर अनेकदा बदललेलं असेल.

आता आतल्या कपड्यांकडे वळू. मोठ्यांच्या थर्मलचा जोड ८०० रुपये, तिघांचे सहा जोड, ४,८००. मुलांचे ५०० प्रमाणे चार जोड, २,०००. जलरोधक हातमोजे ७०० प्रमाणे चार जोड, २,८००. आजींना घरचे लोकरीचे मोजे चालतील. पायमोजे २०० प्रमाणे दहा जोड, २,०००. बेरीज ११,६००.

म्हणजे पैसे खरे कुठे जातात ते दिसतं. रस्त्याकडेच्या दुकानात आपण पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो, पण मोठा खर्च घरून निघण्याआधीच झालेला असतो. बचतही तिथेच करता येते. आधी बर्फ बघून आलेल्या नातेवाइकांकडून मुलांचे थर्मल आणि हातमोजे मागून घेतले तर हा आकडा बराच खाली येतो. मुलांचे हे कपडे एका सहलीत झिजत नाहीत, ते फक्त लहान होतात.

पुण्या-मुंबईत ट्रेकचं सामान भाड्याने देणारी दुकानंही आहेत. त्यांच्याकडचे कपडे अनेकदा अधिक स्वच्छ आणि चांगल्या प्रतीचे असतात. पण भाडं घर सोडल्यापासून परतेपर्यंतच्या सगळ्या दिवसांचं लागतं. वापर दोन दिवसांचा आणि भाडं आठ दिवसांचं, हा हिशोब क्वचितच जुळतो. त्यात चार जोडी बूट आणि चार ड्रेस वाहून न्यायचे. विमानाने जाणाऱ्यांना पंधरा किलोच्या मर्यादेत ते जड जातं, आणि रेल्वेनंतर रात्रीची बस पकडणाऱ्यांना तर त्याहून.

जिथे नियम बदलतो

पहिला अपवाद आजींचा. त्यांना सगळ्यांत मोठा धोका सोलंगच्या बर्फात नसून हॉटेलच्या पायरीवर असतो. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी फरशीवर, उतारावर काचेसारखा पातळ थर बसतो. तो ओल्या डांबरासारखा दिसतो म्हणून कळत नाही. भाड्याचे बूट संध्याकाळी परत गेलेले असतात, तेव्हा पायात स्वतःचेच असतात. म्हणून आजींसाठी खोल नक्षीच्या रबरी तळव्याचे, घोटा झाकणारे बूट विकत घेण्यात शहाणपण आहे. घरच्या चपला आणि झिजलेले स्पोर्ट्स शूज तिथे कामाचे नाहीत. बूट चांगले असले तरी गोठलेल्या फरशीवर कोणताही रबरी तळवा पूर्ण भरवशाचा नसतो. ऊन येईपर्यंत बाहेर न पडणं आणि टोकाला लोखंडी अणी असलेली काठी जवळ ठेवणं, हे बुटांइतकंच गरजेचं.

दुसरा अपवाद पाच वर्षांच्या मुलाचा. एवढ्या लहान मापाचे गमबूट आणि ड्रेस मिळतात, पण थोडे असतात आणि सकाळी लवकर संपतात. मोठा ड्रेस दुमडून घातला की मूल पायात अडखळतं. त्याच्यापुरती जलरोधक पँट आणि बूट घरून आणले, शक्यतो कोणाकडून मागून, तर दिवस सोपा जातो.

तिसरा अपवाद ठिकाणाचा. गुलमर्गला मुक्कामाने राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे आणि जानेवारीत तिथे हॉटेलच्या दारातच बर्फ असतो. जेवायला समोरच्या हॉटेलात जायचं तरी बर्फ तुडवावा लागतो. गंडोला म्हणजे रोपवेचा दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटरवर, अफरवटच्या उतारावर सोडतो आणि तिथला वारा झोंबणारा असतो. अशा जागी मोजके तास हा हिशोब लागू पडत नाही. खाली तेरा किलोमीटरवरच्या तंगमर्गमध्ये कोट आणि लांब बूट भाड्याने मिळतात. पण तीन रात्री राहणार असाल तर जलरोधक बूट तरी स्वतःचे असावेत. आणि श्रीनगरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणार असाल, तर मनालीचाच नियम लावावा.

स्कीइंग करून बघायचं असेल तर विचार करायची गरज नाही. स्की, काठ्या आणि त्यांचे कडक बूट शिकवणाऱ्याकडूनच घ्यायचे असतात, ते विकत घेण्यात पहिल्या सहलीला काहीच अर्थ नाही.

दुसऱ्यांदा जाल तेव्हा

पहिल्या सहलीत बर्फ आवडला आणि पुन्हा जायचं ठरलं, किंवा मुलगी मोठी होऊन हिवाळी ट्रेकला निघाली, तर कवच हळूहळू विकत घ्यायला हरकत नाही. पण सुरुवात जॅकेटपासून करू नये. दुकानात डोळ्यांत भरतं ते जॅकेट, आणि फोटोतही तेच दिसतं. मात्र भाड्याच्या सगळ्या कपड्यांत सगळ्यांत कच्चा दुवा असतो गमबूट. त्याला ऊब देणारं अस्तर नसतं, तो आत घाम धरून ठेवतो आणि मापाने कधीच नीट बसत नाही. म्हणून आधी आपल्या पायाला बसणारे, अस्तराचे जलरोधक बूट घ्यावेत, तेही दुपारनंतर, जाड मोजा घालून माप पाहून. दिवसभर चालल्यावर पाय थोडे फुगतात आणि सकाळी नेमका वाटलेला बूट संध्याकाळी आवळतो. त्यानंतर जलरोधक पँट. जॅकेट सगळ्यांत शेवटी, कारण भाड्याच्या दुकानात बरं मिळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त त्याचीच असते.